परवाना कोलाऱ्याचा, मुक्काम मोहर्लीला: ताडोबाच्या गेटवरची एक पहाट

हे प्रकरण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गेटांची नावं, रस्ते आणि नियम मात्र खरे आहेत, कारण सगळी अडचण त्यांच्यातूनच उभी राहिली.

पार्श्वभूमी

पुण्याचं सहा जणांचं कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या मध्याला, ताडोबाला निघालं होतं. आई, वडील, कॉलेजात शिकणारी मुलगी, शाळकरी मुलगा, आत्या आणि आजोबा. दोन सकाळच्या सफाऱ्या वन विभागाच्या संकेतस्थळावरून आधीच आरक्षित केल्या होत्या: शुक्रवार आणि शनिवार, वेळ सकाळी सहा ते दहा, पूर्ण जिप्सी.

आरक्षणाचं काम मुलीने केलं. तिने आधी मोहर्ली गेट पाहिलं. ते सगळ्यात गाजलेलं, त्यामुळे त्या दिवसांच्या सगळ्या जागा गेलेल्या होत्या. यादीत खाली कोलारा गेटला जागा दिसली. तेही कोअर, म्हणजे जंगलाच्या संरक्षित गाभ्याच्या क्षेत्राचंच गेट, म्हणून तिने लगेच पैसे भरले. निवड चुकीची नव्हती. कोलाऱ्यातून आत गेलेल्या गाड्याही त्याच राष्ट्रीय उद्यानात फिरतात.

राहण्याची सोय वडिलांनी केली, तीही दोन आठवड्यांनंतर. त्यांनी नेटवर 'ताडोबा' असं शोधलं आणि मोहर्ली गावातलं, गेटपासून चालत जाता येईल असं एक लॉज दोन रात्रींसाठी घेतलं. परवान्याची पीडीएफ त्यांच्या फोनमध्ये आली होती. त्यांनी त्यावरची तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि गेटचं नाव वाचायचं राहून गेलं.

दुसरी गोष्ट निघायच्या चार दिवस आधी घडली. परवान्यावर सहावं नाव मुलांच्या मामाचं होतं. त्याला रजा मिळाली नाही. जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून आजोबा तयार झाले. जीपमध्ये सहा जण बसतात आणि आपण सहाच आहोत, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

गुरुवारी रात्री यवतमाळ, वणी, वरोरा, भद्रावती असं करत मंडळी मोहर्लीला पोहोचली. वरोऱ्याला चिमूरकडे जाणारा फाटा त्यांनी मागे टाकला होता. कोलाऱ्याला जायचं तर तिथेच वळायला हवं होतं. जेवताना लॉजच्या मॅनेजरने विचारलं, "सकाळी कोणतं गेट जी?" वडील म्हणाले, "ताडोबा." मॅनेजरने मान डोलावली. मोहर्लीत उतरलेला पाहुणा मोहर्लीतूनच आत जाणार, असं त्याने धरून चाललं.

गेटवर काय झालं

शुक्रवारी पहाटे पाच वाजता कुटुंब स्वतःच्या गाडीने गेटवर आलं. बाहेर पूर्ण अंधार होता. त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. नाक्याच्या अलीकडे जिप्सी एकामागे एक उभ्या होत्या, टपरीवर चहा चालू होता आणि खिडकीपाशी परवाने तपासले जात होते.

वनरक्षकाने कागद टॉर्चखाली धरला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तर कोलाऱ्याचं आहे साहेब. इथून नाही होत." मग त्याचं बोट नावांवरून खाली गेलं आणि सहाव्या ओळीवर थांबलं. त्या नावाचं माणूस समोर कोणीच नव्हतं.

वडिलांनी फोनवर नकाशा उघडला. मोहर्ली ते कोलारा, चाळीसेक किलोमीटर, रस्ता सरळ उत्तरेला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊण-एक तासात सहज पोहोचू, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी नाक्याकडे हात करून विचारलं, "मग आम्ही आमच्या गाडीने इथूनच पुढे गेलो तर?"

अडचण नेमकी कुठे होती

नकाशावरचा तो रस्ता खोटा नाही. मोहर्लीहून खातोड्यावरून ताडोबा तलावाजवळून कोलाऱ्याकडे जाणारा डांबरी रस्ता खरोखर आहे. पण तो कोअर क्षेत्राच्या पोटातून जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 27 प्रमाणे अशा क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. इथे पर्यटकाचा परवाना म्हणजे ठरावीक दिवस, ठरावीक फेरी, ठरावीक गेट आणि नोंदणी झालेली गाडी. खासगी गाडीला त्यात जागाच नाही. पुढच्या गेटचा परवाना खिशात आहे म्हणून तिथपर्यंत जंगलातून जायची मुभा मिळत नाही. नाक्यावरच्या वनरक्षकाला यात सूट द्यायचा अधिकार नसतो. त्याच्याशी घातलेली हुज्जत म्हणजे फक्त हातातली मिनिटं वाया घालवणं.

बाहेरचा रस्ता संपूर्ण प्रकल्पाला वळसा घालतो: मोहर्लीहून भद्रावती, मग महामार्गाने वरोरा, तिथून चिमूर आणि चिमूरहून कोलारा. हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. पहाटेच्या अंधारात अडीच तास धरावेच लागतात. मुधोली-चंदनखेड्याकडून जवळचा रस्ता आहे, पण त्याचा पहिला टप्पा बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांतून जातो. सांबर, रानडुक्कर, रानगवा हे सगळे तो रस्ता रात्री ओलांडत असतात. घाईत असलेल्या माणसाने तिथे गाडी घालू नये.

गेट बदलून का मिळत नाही, हाही प्रश्न गेटवर रोज कोणीतरी विचारतं. प्रत्येक गेटला दर फेरीला किती गाड्या सोडायच्या याची मर्यादा ठरलेली आहे. जिप्सी आणि गाइड त्या त्या गेटला नोंदवलेले असतात आणि आळीपाळीने त्यांचा नंबर लागतो. त्यामागे आसपासच्या गावांच्या रोजगाराचा हिशोब आहे. मोहर्लीने कोलाऱ्याचे सहा जण घेतले, तर इथली संख्या मर्यादेबाहेर जाते आणि तिथे नंबर लागलेला गाडीवाला रिकामा बसून राहतो.

नावाचा मामला आणखी सरळ होता. परवाना माणसाच्या नावावर आणि ओळखपत्राच्या क्रमांकावर निघतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे कोलाऱ्याला वेळेवर पोहोचले असते तरी आजोबांना बाहेरच बसावं लागलं असतं. हे पाचच मिनिटांपूर्वी कळलं होतं आणि पुढचा सगळा निर्णय त्यावरच फिरला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, तातडीने वळसा घालून कोलारा गाठायचा. सव्वापाचला निघालं तर पावणेआठ, कागदपत्रं होऊन आत शिरायला आठ. बाहेर पडायची वेळ दहाच राहते, उशिरा आलेल्यांना ती वाढवून मिळत नाही. म्हणजे चारातले दोन तास गेले, आणि गेले ते कामाचे. नोव्हेंबरात ऊन चढू लागलं की वाघ बहुधा सावलीत जाऊन पडतो. शिवाय इतक्या उशिरा सोडतील का, हे तिथल्या गेटवर विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि आजोबा बाहेरच.

दुसरा, मोहर्लीलाच एखादी जागा सुटते का याची वाट पाहायची. दिवाळीच्या आठवड्यात ही आशा फोल होती. खिडकीवरच्या माणसाने तसं स्पष्ट सांगितलंही.

तिसरा, बफरमधली सफारी. मोहर्लीच्या आसपास आगरझरी, देवाडा, जुनोना अशी बफरची गेटं आहेत. तिथेही खासगी गाडी चालत नाही, जिप्सी आणि गाइड लागतोच. पण ऑनलाइन न भरलेल्या जागा बऱ्याचदा सकाळी खिडकीवर मिळतात, आणि परवाना तिथेच नव्या नावांनी निघतो. म्हणजे आजोबांची अडचण आपोआप सुटते. तोटा असा की कोलाऱ्याचे पैसे बुडणार आणि नवे भरावे लागणार.

चौथा, परत जाऊन झोपायचं आणि शनिवारची सफारी नीट करायची. हा पर्याय आईने मांडला. तो दिसतो तितका वाईट नव्हता.

निर्णय आणि ती सकाळ

वडिलांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता. भरलेले पैसे डोळ्यांसमोर असले की माणूस गाडी काढतोच. त्यांना थांबवलं ते मुलीने. तिने तिथल्याच चहाच्या टपरीवर कागदाच्या मागच्या बाजूला वेळा लिहिल्या: निघणं, पोहोचणं, आत शिरणं, बाहेर येणं. आकडे समोर आल्यावर वाद मिटला. आदल्या दिवशी दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाने पाच तासांच्या झोपेवर अंधारात शंभर किलोमीटर हाणायचे, तेही निम्म्या सफारीसाठी आणि एका माणसाला बाहेर ठेवून, हे कोणालाच पटेना.

मग त्यांनी केलेली गोष्ट योग्य होती. आगरझरीकडे धावत सुटण्याआधी त्यांनी लॉजच्या मॅनेजरला उठवलं. गेटवर मोबाइलची रेंज धड नव्हती, लॉज दोन मिनिटांवर होतं. मॅनेजरने ओळखीच्या जिप्सीवाल्याला फोन लावून विचारलं की आगरझरीला गाडी शिल्लक आहे का. होती, पण एकच, आणि आधी येईल त्याला. आगरझरी तिथून चंद्रपूरच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर. सहाला दहा कमी असताना कुटुंब खिडकीवर उभं होतं. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत असल्याने परवाना लगेच निघाला आणि सव्वासहाला गाडी आत गेली.

दुसऱ्या दिवसाची तयारी

शनिवारचा परवानाही कोलाऱ्याचाच होता. बफरमधून आल्यावर त्यांनी मोहर्लीचं लॉज सोडलं. दुसऱ्या रात्रीचे निम्मे पैसे परत मिळाले. जेवून दुपारी एकला निघाले आणि भद्रावती, वरोरा, चिमूर या मोठ्या रस्त्याने चारच्या आत कोलाऱ्याला पोहोचले. दिवसाउजेडीही हा रस्ता पावणेतीन तासांचा ठरला. पहाटेचा अडीच तासांचा अंदाज म्हणजे कमीच होता.

सामान टाकून वडील आणि मुलगी उजेड असतानाच गेटवर जाऊन आले. खोलीपासून गेट चार किलोमीटर, दहा मिनिटं. खिडकीवर त्यांनी तीन गोष्टी विचारून घेतल्या: परवाना उद्याच्या यादीत दिसतो का, गाडी आधी ठरते की सकाळी नंबराने मिळते, आणि किती वाजता यायचं. उत्तर मिळालं की यादीत नाव आहे, गाडी सकाळी मिळेल, साडेपाचला या. काही गेटांवर जिप्सी मुक्कामाच्या ठिकाणी न्यायला येते, काही ठिकाणी पर्यटकाने गेटवर यायचं असतं. हे आधी विचारलं नाही तर पाहुणे खोलीच्या ओसरीवर आणि जिप्सी गेटवर, असा खेळ होतो.

सहाच्या प्रवेशाला साडेपाच कशासाठी, तर एका गाडीमागे तीन-चार मिनिटं जातात म्हणून. कागद पाहायचा, एकेक नाव ओळखपत्राशी जुळवायचं, गाडी आणि गाइड नेमून द्यायचा, नोंदवहीत लिहायचं. पुढे आठ-दहा गाड्या असल्या की अर्धा तास गेलाच. आणि पहिल्या चार-पाच गाड्यांत असण्याला किंमत आहे. रात्री वाघ बऱ्याचदा याच मातीच्या रस्त्यांनी चालतो. त्याच्या पावलांचे ठसे पहाटे धुळीत ताजे असतात, दहा गाड्यांची चाकं गेल्यावर गाइडला वाचायला काही उरत नाही.

कागदांची तयारी रात्रीच झाली. चिमूरला थांबून परवान्याच्या दोन छापील प्रती काढल्या होत्या. गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो गृहीत धरू नये. ज्या कार्डाचा क्रमांक परवान्यावर छापला आहे तेच कार्ड हवं. आत्याने आरक्षणासाठी पॅन दिलं होतं आणि सोबत आधार घेऊन निघाली होती. ही विसंगती रात्री लक्षात आली. पॅन पर्समध्ये सापडलं म्हणून बरं, नाहीतर खिडकीवर घासाघीस झाली असती. मुलाचंही आधार सोबत ठेवलं.

कोअरमध्ये मोबाइल वापरता येत नसल्याने फोन खोलीवरच ठेवले. फोन नाही म्हणजे वेळ पाहायला मनगटी घड्याळ हवं, हे एरवी लक्षात येत नाही. पाण्याला स्टीलच्या बाटल्या घेतल्या, प्लास्टिकच्या टाकाऊ बाटल्या आत चालत नाहीत. आणि चादरी घेतल्या. उघड्या जिप्सीत नोव्हेंबरच्या पहाटेचा वारा पहिला तासभर चांगलाच झोंबतो. स्वेटरवर चादर घेतली तर पुढे ऊन चढल्यावर काढून ठेवता येते.

आजोबा खोलीवर थांबले. रिकाम्या जागेवर लॉजमधल्या दुसऱ्या पाहुण्याला घ्यावं का, असा विचार निघाला होता, पण तीही नावाचीच अडचण, म्हणून तो सोडून दिला.

निष्पत्ती

शनिवारी साडेपाचला गाडी गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत लावली, त्यांच्या पुढे तीनच परवाने होते. सहा वाजून चार मिनिटांनी जिप्सी आत गेली. परवान्यावर सहा नावं, गाडीत पाच माणसं, याला कोणी हरकत घेतली नाही. वनरक्षकाने गैरहजर नावापुढे खूण केली एवढंच.

पैशांचा हिशोब असा झाला: शुक्रवारच्या कोलारा सफारीचे सगळे पैसे बुडाले, आगरझरीचे नव्याने भरले, लॉजची निम्मी रात्र गेली आणि मामाची जागा दोन्ही दिवस वाया गेली. शुक्रवारी बफरमध्ये रानगव्यांचा कळप आणि अस्वल दिसलं. शनिवारी कोअरमध्ये वाघीण दिसली, लांबून आणि थोडा वेळ. दोन्ही सकाळींची तुलना यावरून करू नये. काय दिसेल ते गेटवर ठरत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आरक्षणाच्या दिवशी शक्य होती. गेट ठरल्याशिवाय मुक्काम घ्यायचा नाही, आणि मुक्काम घेताना 'ताडोबाजवळ' एवढ्यावर न थांबता 'कोलारा गेटपासून बाहेरच्या रस्त्याने किती' असं विचारायचं. 'बाहेरच्या रस्त्याने' हे शब्द महत्त्वाचे, कारण नकाशा आतला रस्ताही दाखवतो. सफारी एकाने आणि खोली दुसऱ्याने घेतली तर दोन्ही कागद एकदा शेजारी ठेवून वाचावेत. इथे ते एकदाही शेजारी आले नाहीत.

गुरुवारी रात्रीही वेळ गेलेली नव्हती. मॅनेजरने गेट विचारलं तेव्हा परवाना काढून दाखवला असता, तर रात्री नऊलाच घोळ कळला असता. मग पहाटे तीनला निघून भद्रावती-वरोरा मार्गाने सहापर्यंत पोहोचणं शक्य होतं, फक्त चालवायला ताजातवाना माणूस हवा होता. मोहर्लीत तसा स्थानिक ड्रायव्हर मिळतो. ज्यांचं लॉज आणि गेट वेगळं आहे त्यांनी त्याच्या भाड्याचा विचार करायला हरकत नाही, बुडालेल्या सफारीपेक्षा ते कमीच पडतं.

मामाच्या जागेचं गणित निघायच्या चार दिवस आधीच मांडायला हवं होतं. नाव बदलत नाही हे तेव्हा कळलं असतं, तर आजोबांसाठी तत्काळ कोट्यातून वेगळी सफारी किंवा बफरची एखादी दुपारची फेरी आधीच धरता आली असती. बफरमध्ये जागा मिळाली ती त्या दिवशी एक गाडी शिल्लक होती म्हणून. सुट्टीच्या आठवड्यात तिच्यावर विसंबणं धोक्याचं.

शुक्रवारच्या सव्वापाचच्या निर्णयाबद्दल मात्र मतभेद होऊ शकतात. आजोबांचं नाव परवान्यावर असतं, शनिवारची दुसरी सफारी हातात नसती आणि कोलारा गेटने फोनवर "आठपर्यंत या, सोडतो" असं म्हटलं असतं, तर वळसा घालून जाणंही चूक ठरलं नसतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्या पहाटे त्यांच्या बाजूने नव्हती.